आजी मानहाइमला उतरते की गाडी बदलते?

आजी गाडीतून नातीला फोन करते आणि म्हणते, “इश श्टायगे इन मानहाइम...” तेवढ्यात गाडी बोगद्यात शिरते आणि फोन तुटतो. नातीला काय कळलं? ‘मी मानहाइमला’ एवढं कळलं. ‘श्टायगे’ म्हणजे चढण्या-उतरण्याचं काहीतरी, हेही कळलं. पण आजी तिथे उतरणार, गाडी बदलणार की नव्या गाडीत चढणार, ते कळायचं राहून गेलं. ते सांगणारं एवढंसं अक्षर वाक्याच्या अगदी शेवटी यायचं होतं. ‘आउस’ आलं असतं तर उतरते, ‘उम’ आलं असतं तर गाडी बदलते, ‘आइन’ आलं असतं तर चढते.

मी पुण्यात जर्मन शिकवते. पहिल्या पायरीच्या वर्गात दर वेळी एक दिवस असा येतो की मुलं वही मिटून माझ्याकडे बघत बसतात. तो दिवस या तुटणाऱ्या क्रियापदांचा. जर्मनमध्ये त्यांना ‘ट्रेनबारे वेर्बेन’ म्हणतात, म्हणजे वेगळी करता येणारी क्रियापदं. पाठ्यपुस्तकात त्यासाठी ठरलेला धडा असतो : मी सहाला उठतो, दात घासतो, खरेदी करतो, टीव्ही बघतो. त्या धड्यात शेवटचं अक्षर विसरलं तरी कोणाचं काही बिघडत नाही, म्हणून ते लक्षातही राहत नाही. मला अशी गोष्ट हवी होती, की शेवटचं अक्षर चुकलं तर माणूसच चुकीच्या गावी पोचेल. ती मीच रचली. अट दोनच : सगळं वर्तमानकाळात आणि प्रत्येक क्रियापद तुटणारं.

गोष्ट मूळ रोमन लिपीतली, इथे कानाला जशी ऐकू येते तशी नागरीत देते आहे. जर्मन माणूस शब्दाच्या शेवटच्या ब, ड, ग या अक्षरांना प, ट, क करून टाकतो, म्हणून पुस्तकात शेवटी ‘ब’ लिहिलेला उपसर्ग इथे ‘आप’ असा दिसेल. ‘यु’ दिसलं की तोंडात ‘ई’ धरायची आणि ओठांचा चंबू करायचा. ‘ख’ घशातून, खाकरल्यासारखा. एवढं पुरे.

आम झाम्सटाक वाख्ट लेना श्पेट आउफ. झी श्टेट आउफ उंट माख्ट डास फेन्स्टर आउफ. हॉइटे कॉम्ट ओमा आन. लेना रॉइम्ट डी क्युशे आउफ उंट काउफ्ट आइन.

उम त्स्वाय फेर्ट डेर त्सूक इन क्योल्न आप. उम हाल्प ड्राय रूफ्ट ओमा आन : “इश श्टायगे इन मानहाइम...” डी फेरबिंडुंग ब्रिश्ट आप. लेना रूफ्ट त्सुऱ्युक. ओमा निम्ट निश्त आप.

लेना डेंक्ट नाख. झी त्सीट डी याके आन, माख्ट डास लिश्ट आउस उंट फेर्ट लोस. उम फिर्टल फोर फिअर श्टायक्ट झी इन मानहाइम आउस.

उम फिअर रूफ्ट ओमा वीडर आन : “इश कॉमे गेराडे इन हायडेलबर्ग आन. होल्स्ट डू मिश आप?”

“इश फारे झोफोर्ट त्सुऱ्युक.”

ओमा लाख्ट लेना आउस : “इन मानहाइम श्टायगे इश डॉख इमर उम!”

आता मराठीत. शनिवारी लेनाला उशिरा जाग येते. ती उठते आणि खिडकी उघडते. आज आजी येणार आहे. लेना स्वयंपाकघर आवरते आणि बाजारहाट करते. दोन वाजता क्योल्नहून गाडी सुटते. अडीचला आजीचा फोन येतो : “मी मानहाइमला...” फोन तुटतो. लेना उलट फोन करते. आजी उचलत नाही. लेना विचार करते. जॅकेट घालते, दिवा बंद करते आणि निघते. पावणेचारला ती मानहाइमला उतरते. चारला आजीचा पुन्हा फोन : “मी आत्ताच हायडेलबर्गला पोचतेय. न्यायला येतेस ना?” “मी लगेच परत येते.” आजी तिला हसते : “अगं, मानहाइमला तर मी नेहमी गाडी बदलते!”

प्रसंग काही आभाळातून पडलेला नाही. क्योल्नहून हायडेलबर्गला जाणारा बहुतेक वेळा मानहाइमला गाडी बदलतो, तिथून हायडेलबर्ग लोकलने पाव तासाच्या आसपास. क्योल्न आणि फ्रँकफुर्टच्या दरम्यान 2002 साली जो वेगवान लोहमार्ग सुरू झाला, तो डोंगरातून जातो आणि वाटेत बोगदेच बोगदे लागतात. अडीचला आजी त्याच पट्ट्यात असते. आजी आणि नात मानहाइमजवळ कुठेतरी एकमेकींच्या गाड्या ओलांडून जातात, एवढाच काय तो गोष्टीतला कल्पनेचा भाग.

गोष्टीत एकूण वीस वेगवेगळी क्रियापदं आहेत आणि वीसच्या वीस तुटलेली आहेत. शब्दकोशात मात्र ती अखंड असतात. उतरणे हे ‘आउसश्टायगन’, गाडी बदलणे हे ‘उमश्टायगन’, चढणे हे ‘आइनश्टायगन’. मूळ धातू ‘श्टायगन’, म्हणजे चढत जाणे. त्याच्या पुढे लावलेला तुकडा हा उपसर्ग. ‘आउस’ बाहेर, ‘आइन’ आत, ‘उम’ म्हणजे वळून किंवा बदलून. आपण चढणे, उतरणे, बदलणे असे तीन निराळे धातू ठेवले. जर्मनने एकच धातू ठेवला आणि दिशा उपसर्गावर सोपवली. एवढ्यावर थांबली असती तर भाषा सोपी होती. पण वर्तमानकाळाच्या साध्या वाक्यात हा उपसर्ग धातूपासून सुटतो आणि थेट वाक्याच्या शेपटाला जाऊन बसतो.

हे नीट दिसायला एक वाक्य हळूहळू लांबवून बघू. फोन करणे हे ‘आनरूफन’. ‘रूफन’ म्हणजे हाक मारणे.

ओमा रूफ्ट आन. (आजी फोन करते.)

ओमा रूफ्ट लेना आन. (आजी लेनाला फोन करते.)

ओमा रूफ्ट लेना उम हाल्प ड्राय आन. (आजी लेनाला अडीचला फोन करते.)

ओमा रूफ्ट लेना उम हाल्प ड्राय आउस डेम त्सूक आन. (आजी लेनाला अडीचला गाडीतून फोन करते.)

‘ओमा रूफ्ट’ जागचं हललं नाही. ‘आन’ मात्र प्रत्येक नव्या शब्दाबरोबर मागे सरकत गेलं. कपडे वाळत घालायच्या दोरीचे दोन खांब असतात ना, तसं हे आहे. पहिला खांब म्हणजे वाक्यातल्या दुसऱ्या जागेवरचं क्रियापद, दुसरा खांब म्हणजे शेवटचा उपसर्ग, आणि कोणाला, कधी, कुठून हे सगळं मधल्या दोरीवर. जर्मन व्याकरणात याला ‘झात्सक्लामर’ म्हणतात, वाक्याचा कंस. ‘नाही’ सुद्धा याच कंसात बसतं, बहुधा उपसर्गाला अगदी खेटून : “ओमा निम्ट निश्त आप.”

मराठी माणसाला खरं म्हणजे वाक्याच्या शेवटपर्यंत थांबायची सवय असते. “मी मानहाइमला...” एवढ्यावर फोन तुटला असता तर मराठी नातीलाही काही कळलं नसतं, कारण आपलं अख्खं क्रियापदच शेवटी येतं. फरक असा की आपण सगळंच मागे ठेवतो, तर जर्मन अर्धं आधी हातावर ठेवते आणि अर्धं मुठीत धरून बसते. या अर्ध्यानेच घोटाळा होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, क्रियापद आलं, कळलं. आणि तो ऐकणं सोडून देतो. माझ्या वर्गात श्रवणाच्या परीक्षेत जे गुण जातात, त्यातले बरेच या एका अक्षरापायी. मुलं ‘फेर्ट’ ऐकतात आणि ‘गाडी जाते’ असं लिहून मोकळी होतात. शेवटी ‘आप’ होतं की ‘त्सुऱ्युक’ होतं, म्हणजे गाडी सुटली की परत निघाली, हे त्यांच्या कानावरून गेलेलं असतं.

बोलताना होणाऱ्या चुका दोन प्रकारच्या. पहिली, उपसर्ग न तोडणं. “इश आनरूफे डिश” हे आमच्याकडे दर वर्गात ऐकू येतं. जर्मन माणसाला हे हास्यास्पद वाटतं पण अर्थ कळतो. हवं ते “इश रूफे डिश आन.” दुसरी चूक जास्त महाग पडते : उपसर्ग तोडायचा आणि शेवटी लावायलाच विसरायचं. “इश रूफे डिश” याचा अर्थ ‘मी तुला हाक मारते’. समोरचा फोनची वाट न बघता खिडकीतून खाली डोकावेल. “इश हॉऱे आउफ” म्हणजे ‘मी थांबते, बास झालं’, आणि “इश हॉऱे” म्हणजे ‘मी ऐकते आहे’. एक उपसर्ग गाळला की भांडण मिटवणारं वाक्य भांडण ऐकून घेणारं होतं.

एक तिसरी चूकही आहे. तिचा उपसर्गाशी थेट संबंध नाही, पण या गोष्टीत ती हमखास होते. “उम हाल्प ड्राय रूफ्ट ओमा आन” हे वाक्य बघा. वेळ आधी आली, तर कर्ता क्रियापदाच्या मागे गेला. जर्मनमध्ये साध्या वाक्यात क्रियापदाची दुसरी जागा राखीव असते. पहिल्या जागेवर ‘आजी’ बसवा, ‘अडीच’ बसवा किंवा ‘आज’ बसवा, दुसरी जागा क्रियापदाचीच. आपण ‘अडीचला आजी फोन करते’ म्हणतो, म्हणून मुलं “उम हाल्प ड्राय ओमा रूफ्ट आन” म्हणतात. क्रियापद तिसऱ्या जागेवर ढकललं गेलं, वाक्य चुकलं. ‘हो की नाही’ असं उत्तर मागणाऱ्या प्रश्नात मात्र क्रियापद पहिल्या जागेवर येतं : “होल्स्ट डू मिश आप?” उपसर्ग तिथेही आपला शेवटीच.

अडीचवरून आठवलं. ‘हाल्प ड्राय’ याचा शब्दशः अर्थ ‘अर्धे तीन’. मुलं ते ऐकून साडेतीन लिहितात. त्यांना मी सांगते की तुमचा ‘अडीच’ हा शब्दही असाच घडला आहे. तो संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’ या शब्दावरून आला, म्हणजे ज्यातला तिसरा अर्धाच आहे असे. जर्मन घड्याळ अजून तसंच मोजतं, आपण फक्त दीड-अडीचपुरतं ठेवलं आणि पुढे ‘साडे’वर गेलो. ही गोष्ट मी दुपारी अडीचला मुद्दाम बेतली, ती एवढ्यासाठीच.

आता गोष्टीतला ‘उम’ पाहा, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. ‘उम’ गोष्टीत पाच वेळा येतं. त्यातल्या चार वेळा ते उपसर्ग नाहीच, ‘वाजता’ या अर्थाचं शब्दयोगी अव्यय आहे : उम त्स्वाय, दोन वाजता, उम फिअर, चार वाजता. शेवटच्या वाक्यातलं पाचवं ‘उम’ तेवढं उपसर्ग. ओळखायचं कसं? शब्दयोगी अव्ययाच्या मागोमाग ज्याच्याशी ते जोडलेलं आहे तो शब्द येतो. आपल्याकडे ते नामाच्या मागे लागतं, जर्मनमध्ये पुढे लागतं. उपसर्ग मात्र एकटा असतो, त्याच्यानंतर वाक्यात काही उरत नाही. वर लांबवलेल्या वाक्यातलं ‘आउस डेम त्सूक’ हेही असंच फसवं आहे. ‘आउस’ दिसलं म्हणून आजी उतरली असं समजू नका. ‘गाडीतून’ एवढाच त्याचा अर्थ, क्रियापदाचा उपसर्ग आहे शेवटचा ‘आन’.

हे कळलं नाही तर शब्दकोश वापरता येत नाही. समजा, “डी फेरबिंडुंग ब्रिश्ट आप” हे वाक्य तुमच्या पुढ्यात आलं. ‘ब्रिश्ट’ हा शब्द शब्दकोशात सहसा स्वतंत्र नोंद म्हणून सापडत नाही. आधी वाक्याच्या शेवटी जायचं. तिथे एकटं ‘आप’ आहे, ते उचलायचं. मग क्रियापदाचं मूळ रूप काढायचं : ‘ब्रिश्ट’ हे ‘ब्रेशन’चं, म्हणजे मोडणे. उपसर्ग पुढे चिकटवायचा : ‘आपब्रेशन’. हा शब्द मिळतो, अर्थ अचानक तुटणे. म्हणजे शब्दकोशात पहिलं अक्षर शोधण्यासाठी वाक्याचं शेवटचं अक्षर बघावं लागतं. शिकणाऱ्यांसाठीच्या बऱ्याच पुस्तकांत उपसर्ग आणि धातू यांच्यामध्ये एक बारीक उभी रेघ मारलेली असते. कात्री इथे चालवायची, असा त्या रेघेचा अर्थ. नवीन क्रियापद वहीत उतरवताना ती रेघ गाळू नका.

‘ब्रेशन’चं ‘ब्रिश्ट’ कसं झालं? काही धातूंचा मधला स्वर ‘तू’ आणि ‘तो-ती’ या कर्त्यांबरोबर बदलतो, ‘मी’बरोबर बदलत नाही. गोष्टीत ‘फारन’ दोन्ही रूपांत आहे : लेना ‘फेर्ट लोस’, पण ती स्वतः बोलते तेव्हा “इश फारे त्सुऱ्युक.” ‘नेमन’चंही तसंच, ओमा ‘निम्ट’. उपसर्गामुळे यात काही फरक पडत नाही. उपसर्ग धातूला हातच लावत नाही, नुसता दूर जाऊन बसतो.

अर्थाला मात्र तो चांगलाच हात लावतो, आणि नेहमी सरळपणे नाही. ‘आउफमाखन’ म्हणजे उघडणे, ‘आउफश्टेएन’ म्हणजे उठणे, ‘आउफरॉइमन’ म्हणजे आवरणे. तिन्हीकडे ‘आउफ’, पण एकदा ते उघडं, एकदा वर, आणि तिसऱ्यांदा काय ते धड सांगता येत नाही. ‘लाखन’ म्हणजे हसणे. ‘आउसलाखन’ म्हणजे एखाद्याला हसणे, फिदीफिदी. ‘श्टायगन’च्या कुटुंबातला ‘आउस’ बाहेरचा, दिव्याच्या वाक्यातला बंद करण्याचा, आणि हसण्यातला चिडवण्याचा. गंमत ‘आपनेमन’ची आहे. फोन उचलणे हा त्याचा एक अर्थ, वजन कमी होणे हा दुसरा. “ओमा निम्ट निश्त आप” हे वाक्य फोनच्या गोष्टीबाहेर काढलं, तर आजी काही केल्या बारीक होत नाही असा त्याचा अर्थ होतो. वर्गात हे सांगितलं की त्यापुढे ‘आपनेमन’ कोणीही विसरत नाही. उपसर्गांच्या अर्थांचे तक्ते पाठ करायला मी कधी सांगत नाही. क्रियापद अख्खं, एका वाक्यासकट लक्षात ठेवावं, हेच खरं.

सगळेच उपसर्ग तुटतात असंही नाही. गोष्टीत ‘फेरबिंडुंग’ हा शब्द आहे, म्हणजे जोडणी, फोनची लाइन. त्याचं क्रियापद ‘फेरबिंडन’, आणि हे कधीच तुटत नाही. बे, गे, एर, फेर, त्सेर, एंट, एम्प, मिस हे उपसर्ग धातूला घट्ट धरून असतात. फरक कानाने कळतो : तुटणाऱ्या क्रियापदात आघात उपसर्गावर पडतो, न तुटणाऱ्यात धातूवर. ‘आनरूफन’ म्हणताना जोर ‘आन’वर, ‘फेरबिंडन’ म्हणताना ‘बिंड’वर. मुलाखतीत किंवा परीक्षेत नवीन क्रियापद ऐकलं आणि तोडायचं की नाही हे कळेना, तर जोर कुठे पडला ते आठवायचं. म्हणूनच क्रियापदं नुसती वाचून पाठ करू नयेत असं मी म्हणते.

जोराने जीवही वाचतो. ‘उमफारन’ हे क्रियापद दोन्हीकडचं आहे. जोर ‘उम’वर दिला तर ते तुटतं आणि अर्थ होतो गाडीने धडक देऊन पाडणे : “इश फारे डेन बाउम उम”, मी झाड पाडते. जोर ‘फार’वर दिला तर तुटत नाही आणि अर्थ बरोबर उलटा होतो, वळसा घालून जाणे : “इश उमफारे डेन बाउम”, मी झाडाला वळसा घालते. सुदैवाने अशी जोडनावाची क्रियापदं रोजच्या बोलण्यात मोजकीच येतात.

मुलं मला विचारतात, हा उद्योग कशासाठी? मी त्यांना संस्कृत शिकलेल्या घरातली म्हणून एक गोष्ट सांगते. प्र, परा, अप, सम् हे उपसर्ग आपण शाळेत पाठ केले, ते नेहमी धातूला चिकटलेले. पण वेदांच्या भाषेत ते मोकळे होते. उपसर्ग एका ठिकाणी आणि क्रियापद दोन-चार शब्द सोडून दुसऱ्या ठिकाणी, असं तिथे जागोजाग दिसतं. पाणिनीने अष्टाध्यायीत याची नोंद केली आहे : एरवी उपसर्ग धातूच्या आधी येतो, वेदात मात्र तो धातूच्या मागे आणि अंतर राखूनही येऊ शकतो. पुढच्या संस्कृतात तो कायमचा चिकटला आणि मराठीला तसाच मिळाला. संस्कृत आणि जर्मन एकाच मोठ्या भाषाकुलातल्या, तेव्हा ही सुटी राहण्याची सवय जर्मनचीच खास आहे असं समजायचं कारण नाही. आपल्याकडे ती सुटली, तिच्याकडे वेगळ्या शिस्तीत बसली.

इंग्रजीच्या वाटेने जर्मनकडे येणाऱ्यांना याचा जास्त त्रास होतो. अमेरिकन विनोदी लेखक मार्क ट्वेन 1878 साली काही महिने हायडेलबर्गला, म्हणजे आपल्या लेनाच्याच गावात, राहिला होता. 1880 साली आलेल्या त्याच्या प्रवासवर्णनाला त्याने जर्मन भाषेवर एक लेख जोडला आणि त्यात या तुटणाऱ्या क्रियापदांची यथेच्छ टिंगल केली. त्याची तक्रार अशी, की दोन तुकडे जितके लांब ठेवता येतील तितका जर्मन लेखक खूश. ट्वेनने लांबलचक छापील वाक्यं डोळ्यांसमोर ठेवली होती. घरातल्या बोलण्यात दोन तुकड्यांत पाच-सहा शब्दांपेक्षा जास्त क्वचितच येतात, आपल्या गोष्टीत तर त्याहून कमी आहेत.

गोष्टीची मर्यादाही सांगायला हवी. वर्तमानकाळाच्या साध्या वाक्यापलीकडे गेलं की उपसर्ग वेगळं वागतो. ‘पाहिजे’, ‘शकणे’ अशा अर्थाचं सहायक क्रियापद आलं, तर दुसऱ्या जागेवर ते बसतं आणि मुख्य क्रियापद शेवटी अखंड येतं : “लेना मुस आउफश्टेएन”, लेनाला उठलं पाहिजे. ‘कारण’, ‘जेव्हा’ अशा जोडवाक्यांतही शेवटी दोन्ही तुकडे पुन्हा एकत्र होतात. भूतकाळात तर दोघांच्या मध्ये ‘गे’ शिरतं : ‘आउफगेश्टांडन’. गोष्ट निव्वळ वर्तमानकाळात ठेवली ती म्हणूनच. तोडायची सवय आधी जिभेला लागू दे, जोडण्याचं पुढच्या पायरीवर बघता येतं. आणि वर्तमानकाळाने अडत तर काहीच नाही. “हॉइटे कॉम्ट ओमा आन” हे वर्तमानकाळात आहे, तरी आजी अजून क्योल्नलाच आहे. आपण ‘उद्या येतो’ म्हणतो तसंच. अगदी याच क्षणी घडतंय हे सांगायचं असेल तर ‘गेराडे’ हा एक शब्द घालायचा, आजीने फोनवर घातला तसा.

वर्गात मी ही गोष्ट दोघींना देते. एक वाचते, पण प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द गिळते. दुसरीने तो भरायचा. पहिल्या फेरीत “लेना काउफ्ट...” नंतर वर्ग गप्प होतो. तिसऱ्या फेरीपर्यंत बहुतेकींच्या तोंडून ‘आइन’ आपोआप बाहेर पडतं. घरी कोणी जोडीला नसेल तर फोनवर स्वतःच्याच आवाजात, शेवटचा शब्द गाळून आणि तेवढी जागा रिकामी सोडून गोष्ट रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी ती लावा आणि रिकाम्या जागा मोठ्यांदा भरा. “ओमा निम्ट निश्त...” आणि “लेना डेंक्ट...” या दोन जागी अडाल. त्यांची उत्तरं गोष्टीतच आहेत, पण आधी वर बघू नका.